ॲपवर पार्सल वाटणारा नोकर की कंत्राटदार? आयडी बंद होण्याआधी करायची तयारी

बहुतेक मुलं माझ्याकडे येतात ती आयडी बंद झाल्यावर. तोवर ॲप उघडेनासं झालेलं असतं, जुने पेआउट दिसत नसतात आणि हबच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून नाव काढलेलं असतं. हातात उरतं फक्त बँकेचं पासबुक. मग पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "साहेब, मी पर पाकीट पैसे घेत होतो, म्हणजे नोकरीत नव्हतोच ना?"

एवढ्या एका समजुतीपायी अनेक जण अर्जच करत नाहीत. जे करतात, त्यांतले निम्मे "मला कायम करा" असं एकच वाक्य लिहून आणतात, आणि त्या कागदावर कार्यालयात कुणालाही काही करता येत नाही. कामाप्रमाणे पैसे मिळणारा माणूस कायद्यानं नोकर ठरू शकतो, तसाच कंत्राटदारही ठरू शकतो. निकाल लागतो तो कामाचा दिवस कोणाच्या हुकुमानं चालतो यावर, आणि ते कागदावर दाखवता येण्यावर. म्हणून पुढचे टप्पे याच क्रमानं करा. दुसरा टप्पा तर आज, आयडी चालू असतानाच करा.

उदाहरण म्हणून चिपळूणकडच्या एका पार्सल हबवर काम करणाऱ्या मुलाची फाईल घेतो. तो ओळखू येऊ नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. मोठ्या ऑनलाइन कंपनीची पाकिटं, मधे एक स्थानिक एजन्सी, ॲपवर आयडी आणि पोचलेल्या प्रत्येक पाकिटाला १४ रुपये. शिमग्यात गावची पालखी घरी येते म्हणून तो चार दिवस गेला. परतला तेव्हा आयडी बंद होती.

टप्पा १ : तुम्हाला नेमकं काय हवं आहे ते ठरवा

"मी नोकर आहे का?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कुठल्या हक्कासाठी विचारता, त्यावर ते बदलतं. काही दारं नोकरी सिद्ध न करताही उघडतात, काही उघडत नाहीत. कागदाला हात लावण्याआधी हे वेगळं करून घ्या.

पहिलं दार सामाजिक सुरक्षेचं. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिच्यात गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार यांची व्याख्या आहे. ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या योजनांसाठी द्यायची आहे. कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्के ही तिची वरची मर्यादा. इथे तुम्ही नोकर आहात हे सिद्ध करावं लागत नाही. ई-श्रमवर (eshram.gov.in) आधार आणि मोबाईल नंबर देऊन नोंदणी होते, १२ अंकी क्रमांक मिळतो. अडलं तर १४४३४ ही हेल्पलाइन आहे.

दुसरं दार अपघाताचं, आणि इथे लोक सर्वात जास्त नुकसान करून घेतात. डिलिव्हरी करताना दुसऱ्या गाडीनं उडवलं, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येतं. तुम्ही कोणाचे नोकर आहात याच्याशी तिथे देणंघेणं नाही. मोटार वाहन कायद्यात या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. याउलट पावसात घाटीत गाडी घसरली, समोर दुसरी गाडीच नव्हती, तर भरपाई मालकाकडे मागावी लागते. मग तुम्ही नोकर होता हे दाखवणं आलं. त्या दाव्याची मुदत दोन वर्षं. एकाच दुखापतीसाठी दोन्हीकडून भरपाई मिळत नाही, एक रस्ता निवडावा लागतो.

तिसरं दार काम तोडल्याचं, म्हणजे आयडी बंद केल्याचं. ते औद्योगिक संबंध संहिता, २०२० खाली येतं आणि तिथे तुम्ही 'कामगार' आहात का हा पहिलाच प्रश्न असतो. वाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवू पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, गेलं पाहिजे.

आपल्या उदाहरणातल्या मुलाचं दार हे तिसरं होतं. त्यानं आधी लिहून आणलेल्या अर्जात मात्र पीएफ, बोनस, पेट्रोल भत्ता, कायम नोकरी असं सगळं एकत्र होतं. ते बाजूला ठेवून आम्ही एकच ओळ लिहिली : अमुक तारखेला कारण न देता, नोटीस न देता काम बंद केलं, ते परत द्यावं आणि मधल्या दिवसांची मजुरी द्यावी.

*सावध :* कंपनीचा माणूस हमखास सांगेल, "नवीन कायद्यात तुम्ही गिग कामगार, म्हणजे नोकर नाहीच." व्याख्या नीट वाचा. पारंपरिक मालक–नोकर संबंधाच्या *बाहेर* राहून काम करणारा तो गिग कामगार, असं तिच्यात म्हटलं आहे. तुमचं काम त्या संबंधाच्या बाहेर आहे की आत, हाच तर वाद आहे. व्याख्या तो वाद सोडवत नाही. ई-श्रमची नोंदणी जरूर करा, पण "मी नोकर नाही हे मला मान्य आहे" असा वेगळा कागद कुणी पुढे केला तर त्या नोंदणीच्या नावाखाली सही करू नका.

टप्पा २ : आयडी चालू असताना पुरावा जमा करा

ॲपमधली माहिती तुमची नसते, कंपनीची असते. आयडी बंद झाली की दोन वर्षांच्या कामाची खूण एका मिनिटात जाते. म्हणून महिन्यातून एकदा, पेआउट आला की बसा आणि हे साठवा.

सुरुवात पेआउटच्या पानापासून करा. दर, पाकिटांची संख्या, कपात आणि तारीख एकाच चित्रात दिसली पाहिजे. स्क्रीनशॉट काढताना वरची वेळ आणि तुमचा आयडी क्रमांक कापू नका. नंतर हबचा व्हॉट्सॲप ग्रुप. त्यात 'एक्सपोर्ट चॅट'ची सोय असते, ती वापरून अख्खा संवाद स्वतःच्या ईमेलवर पाठवा. सुटे स्क्रीनशॉट दिले की समोरचा म्हणतो, मागचंपुढचं कापलं आहे.

बँकेचं स्टेटमेंट घ्या आणि पैसे कोणाच्या नावानं येतात ते पाहा. आयकराचा २६एएस उतारा काढा. मार्च २०२६ पर्यंतच्या नोंदींत कलम १९२ दिसलं तर तुमचे पैसे पगार म्हणून दाखवले आहेत, १९४सी दिसलं तर कंत्राटाचे पैसे म्हणून. आपल्या मुलाच्या उताऱ्यात १९४सी होतं, एक टक्का कपात. तो घाबरला. घाबरण्याचं कारण नव्हतं. पैसे देणाऱ्यानं स्वतः लावलेलं ते लेबल आहे. विचारात घेतलं जातं, पण त्यावर निकाल लागत नाही. या उताऱ्याचा खरा उपयोग वेगळा : एजन्सी "हा मुलगा आमच्याकडे नव्हताच" म्हणाली, तर तिच्या नावानं झालेली कपात हेच उत्तर.

आता वहीबद्दल. मला विचाराल तर सगळ्यात भारी पुरावा हा. सलग चौदा दिवस, त्याच दिवशी रात्री, हातानं लिहा. आपल्या मुलानं आयडी बंद होण्याआधी नेमकी अशी वही ठेवली होती, पेट्रोलचा हिशोब लागावा म्हणून. तिच्यातली एक ओळ अशी :

"सोमवार. ७.४० हबवर. ५८ पाकिटं. दादानं वरच्या वाड्या दिल्या, मी खालची लाइन मागितली होती. ५१ दिली, ७ परत. ९० किमी. ५.५० रोकड जमा. ६.१५ सुटलो."

एवढ्या ओळीत यायची वेळ आहे, लाइन कोण ठरवतं ते आहे, मागितलेली लाइन नाकारल्याचं आहे, संध्याकाळी परत हबवर यावं लागतं तेही आहे. साडेदहा तासांचा दिवस आहे. वकिलाच्या चार पानांत हे इतकं स्वच्छ येत नाही.

*तपासा :* मूळ मोबाईल जपून ठेवा. तो विकून किंवा रिसेट करून नुसत्या प्रिंट आणल्या तर अडचण होते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि मूळ यंत्र हातात असेल तर ते सरळ देता येतं.

टप्पा ३ : करार वाचा, पण शेवटचा शब्द मानू नका

ॲप पहिल्यांदा उघडताना "मान्य आहे" दाबलेलं असतं, तोच तुमचा करार. ॲपमध्ये 'नियम व अटी' या पानावर तो सापडतो. एजन्सीनं वेगळ्या कागदावर सही घेतली असेल तर त्याची प्रत मागा, मिळेना तर निदान फोटो काढा.

पहिल्या पानावर "स्वतंत्र कंत्राटदार" किंवा "भागीदार" असं असणारच. ते वाचून फाईल मिटू नका, पुढची कलमं पाहा. तुमच्या जागी दुसरा माणूस पाठवायची मुभा आहे का? दर कोण बदलू शकतं आणि किती दिवस आधी सांगून? गैरहजर राहिल्यास काय? दंड आहे का? आयडी कोण, कुठल्या कारणानं बंद करू शकतं? पुष्कळदा पहिल्या पानावर स्वातंत्र्य लिहिलेलं असतं आणि सहाव्या पानावर दंडाची यादी असते. त्या दोन पानांतली विसंगती पेन्सिलनं खूण करून ठेवा.

टप्पा ४ : कसोटी लावा

हा टप्पा सावकाश करा. ॲपवरच्या रायडरला सरळ लागू होणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय हाताशी नाही, त्यामुळे जुन्या निकालांतल्या कसोट्या लावाव्या लागतात. त्या जुन्या असल्या तरी आपल्या कामाला आश्चर्य वाटावं इतक्या बसतात.

सगळ्यात उपयोगी निकाल मिठागराचा आहे. धरांगध्रा केमिकल वर्क्स विरुद्ध सौराष्ट्र राज्य. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नोव्हेंबर १९५६ चा. कच्छच्या रणाकडचे अगरिये कंपनीच्या जमिनीवर मीठ पिकवायचे आणि त्यांना मणामागे पैसे मिळायचे. हजेरीपट नव्हता, कामाचे तास ठरलेले नव्हते, बायकापोरं मदतीला असायची, लागला तर वरचा मजूरही ते स्वतः लावायचे. कंपनी म्हणाली, हे कंत्राटदार. न्यायालयानं त्यांना कामगार ठरवलं. पाण्याच्या घनतेपासून मीठ भरून जाईपर्यंत कंपनीची माणसं टप्प्याटप्प्यावर देखरेख करत होती, आणि अगरिये स्वतः राबत होते. मणामागे पैसे मिळतात एवढ्यावरून कुणी कंत्राटदार होत नाही, हे तिथे स्पष्ट झालं. आपल्याकडे मिठागरं पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी बाजूही माहीत हवी. शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६२ साली छापलेल्या निकालात विडी वळणारा कारखाना कायद्याखाली कामगार ठरला नाही. तो हवं तेव्हा येई, हवं तेव्हा जाई, रोज यायचं बंधन नव्हतं. त्याचेही पैसे नगावरच होते. म्हणजे दोघांचीही मजुरी नगावर, निकाल मात्र उलटे. फरक पडला तो हुकमतीनं.

पुढे २०१४ साली बलवंत राय सलुजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पाहायच्या गोष्टी एकत्र मांडल्या : नेमणूक कोण करतं, पैसे कोण देतं, काढून कोण टाकू शकतं, शिस्तीची कारवाई कोण करतं, कामात सलगता आहे का, आणि नियंत्रण व देखरेख किती. २०२० च्या सुशीलाबेन गांधी प्रकरणात न्यायालयानं हेही सांगितलं की कुठलीच एक कसोटी सगळीकडे चालत नाही, सगळं एकत्र तोलावं लागतं.

आता हे आपल्या मुलाच्या फाईलवर लावू.

नेमणूक एजन्सीच्या हबप्रमुखानं केली. आधार, लायसन्स घेतलं, आयडी कंपनीच्या ॲपवर उघडली. पैसे एजन्सीच्या खात्यातून आले. दर १४ चा, गणपतीनंतर १२ झाला. ग्रुपवर एक ओळ आली, विचारलं कुणी नाही. पुढच्या महिन्यात ओरड झाल्यावर परत १४ केला. हा दर एकतर्फी वर-खाली होणं महत्त्वाचं आहे. जो खरा धंदा करतो, त्याला भाव सांगता येतो, गिऱ्हाईक निवडता येतं, दूरच्या वाडीचं जास्त मागता येतं. याला यातलं काहीच करता येत नव्हतं.

त्याचा एका महिन्याचा हिशोब आम्ही मांडला. २६ दिवसांत १,३४० पाकिटं, १४ रुपयांनी १८,७६० रुपये. रोज सरासरी ९० किलोमीटर म्हणजे २,३४० किलोमीटर. ४५ च्या ॲव्हरेजनं ५२ लिटर पेट्रोल, १०५ रुपयांनी ५,४६०. उरले १३,३००, त्यातून ऑइल, टायर आणि रिचार्ज. गिऱ्हाईक घरी नसलं तर फेरीचे पैसे शून्य. धंद्याचा तोटा त्याच्या अंगावर आणि नफा वाढवायचा मार्ग एकच, जास्त तास. हा हिशोब अर्जाला जोडा. तो नुसता दया यावी म्हणून नसतो. धोका कोण सोसतं आणि भाव कोण ठरवतं हे तो दाखवतो.

शिस्त आणि काढून टाकणं : इथे एक मेसेज सगळ्यावर भारी ठरला. शिमग्याला निघण्याआधी त्यानं ग्रुपवर लिहिलं होतं, "चार दिवस पालखी आहे, येणार नाही." तिसऱ्या दिवशी हबप्रमुखाचा मेसेज आला : "कुणाला विचारून गेलास?" आणि पाचव्या दिवशी आयडी बंद. विडीवाल्याच्या निकालात माणूस हवं तेव्हा न येण्याला मोकळा होता. इथे न विचारता न येण्याची शिक्षा झाली. रजा मागावी लागते आणि नाकारता येते, हा नियंत्रणाचा पुरावा आहे. तुमच्या चॅटमध्ये असं वाक्य आहे का, आधी ते शोधा.

आता रत्नागिरीत जेवण पोचवणाऱ्या रायडरची गोष्ट वेगळी, आणि ती ओढूनताणून याच साच्यात बसवू नये. तो मारुती मंदिराजवळ उभा राहून संध्याकाळी सातला लॉगिन करतो, दहाला बंद करतो, दोन दिवस आलाच नाही तर कुणी फोन करत नाही, आणि एकाच वेळी दोन ॲप चालवतो. त्याची बाजू खरोखर कमजोर आहे, आणि हे त्याला स्पष्ट सांगितलं पाहिजे. तरी त्यालाही तपासायला जागा उरते : ऑर्डर नाकारल्यावर पुढच्या ऑर्डरी कमी होतात का, ठरलेला स्लॉट सोडला तर इन्सेन्टिव्ह जातो का, रेटिंग घसरलं की आयडी आपोआप थांबते का. माणसाऐवजी ॲप हुकूम सोडत असेल तर तेही नियंत्रणच, असा युक्तिवाद करता येतो. मात्र प्रत्येक वेळेचा स्क्रीनशॉट लागेल. दोन ॲप चालवणं हा एकट्यानं मारक मुद्दा नाही. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या १९७३ च्या निकालात काही शिंपी दुसऱ्या दुकानांचंही काम करायचे, नगावर पैसे घ्यायचे, तरी ते दुकानाचे नोकर ठरले. पण तिथे शिलाई मशीन दुकानाची होती. रायडरची गाडी त्याची स्वतःची असते, हा फरक समोरचा वकील दाखवणारच.

*तपासा :* सहाही मुद्द्यांपुढे एक एक कागद लिहा. "नियंत्रण – व्हॉट्सॲप, पान ४", असं. ज्यापुढे कागद नाही, तो मुद्दा अर्जात ठासून मांडू नका.

टप्पा ५ : स्वतःच्या विरुद्धचे मुद्दे आधी लिहून काढा

हा टप्पा जवळजवळ सगळे टाळतात, आणि पहिल्याच तारखेला कोंडीत सापडतात.

आपल्या मुलाविरुद्ध तीन गोष्टी होत्या. गाडी आणि पेट्रोल त्याचं. करारावर सही त्याची. तिसरी अवघड : गणपतीत चाकरमानी आले, दिवसाला नव्वद पाकिटं यायला लागली, तेव्हा त्याच्या धाकट्या भावानं पाचसहा दिवस पाकिटं वाटली. ही गोष्ट तो सांगतच नव्हता. आईनं सांगितली.

दुसऱ्याला पाठवण्याची मोकळीक हा कंत्राटदाराच्या बाजूनं जोरदार मुद्दा असतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली डिलिव्हरू या जेवण पोचवणाऱ्या ॲपच्या रायडरांविरुद्ध निकाल दिला, त्यात आपल्या जागी कुणालाही पाठवण्याचा खराखुरा हक्क हेच मोठं कारण होतं. तो निकाल इथे बंधनकारक नाही, पण समोरचा वकील तो वाचून दाखवू शकतो. आमचं उत्तर दोन पायऱ्यांचं होतं. करारात आयडी दुसऱ्याला देण्यास मनाई होती, म्हणजे बदली पाठवायचा *हक्क* नव्हताच. आणि भाऊ आला तो हबप्रमुखाच्या सांगण्यावरून. "भावाला पण घेऊन ये उद्या" हा मेसेज चॅटमध्ये सापडला. घरच्यांची मदत घेणारे अगरियेही कामगार ठरले होते, हे त्याला जोडलं.

लपवलं असतं, तर हीच गोष्ट खोटेपणा म्हणून अंगावर आली असती.

टप्पा ६ : कोणाविरुद्ध अर्ज, ते नीट ठरवा

कोकणातल्या पार्सलच्या कामात इथेच चूक होते. मुलं फक्त मोठ्या कंपनीचं नाव लिहितात, कारण टी-शर्टवर ते असतं. कंपनी सांगते, आमचा याच्याशी करारच नाही. किंवा फक्त एजन्सीचं नाव लिहितात, आणि एजन्सी पुढच्या महिन्यात हब बंद करून दुसऱ्या नावानं उघडते.

दोघांनाही पक्षकार करा. हुसेनभाई विरुद्ध अलथ फॅक्टरी तोझिलाली युनियन हा १९७८ चा निकाल याच कामाचा आहे : दोर बनवणाऱ्या कारखान्यातले मजूर कंत्राटदारांमार्फत घेतलेले होते, तरी ज्याच्या धंद्यासाठी ते राबत आणि ज्याच्या हातात त्यांचं पोट होतं, तो कारखानाच त्यांचा मालक ठरला. मधे कंत्राटदार उभे केलेत म्हणून न्यायालय तिथेच थांबलं नाही. अपघाताच्या भरपाईतही, कंत्राटदाराचा माणूस मूळ धंद्याचंच काम करताना जखमी झाला तर मूळ मालकाकडे मागता येतं.

मात्र हे सरसकट मिळत नाही. बलवंत राय सलुजा प्रकरणात एअर इंडियाच्या कँटीनमधले कामगार मूळ कंपनीचे ठरले नाहीत. म्हणून कंपनीचा हात कुठे होता, ते वेगळं दाखवा. आपल्या मुलाच्या बाबतीत आयडी बंद करणारा संदेश कंपनीच्या ॲपवर आला होता, एजन्सीकडून नव्हे. मग काढलं कोणी, हा प्रश्न कंपनीपाशी जातो.

*तपासा :* एजन्सीचं पूर्ण नाव आणि पत्ता बँक स्टेटमेंट, २६एएस आणि हबवरच्या जीएसटी पाटीवरून जुळवा. तिन्हीकडे वेगळं असेल तर तिन्ही लिहा.

टप्पा ७ : अर्ज आणि तो देण्याचा क्रम

आधी एजन्सी आणि कंपनी दोघांना नोंदणीसह स्पीड पोस्टानं एक पत्र पाठवा. पत्र छोटं असावं : कधीपासून काम केलं, कधी बंद झालं, कारण काय, काम परत कधी देता. चिडून काही लिहू नका. हेच पत्र पुढे फाईलीत लागतं. पोस्टाची पावती आणि पोच जपा. ॲपवरच्या मदत-विभागातही तेच लिहा आणि तक्रारीच्या क्रमांकाचा स्क्रीनशॉट घ्या, ॲप उघडत असेल तर. पंधरा दिवस वाट पाहा.

मग जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात समेटासाठी अर्ज. रत्नागिरी जिल्ह्यातल्यांसाठी ते रत्नागिरीत आहे. खेड किंवा दापोलीहून येताना सगळ्या प्रती घरूनच करून आणा, नाहीतर एका झेरॉक्ससाठी दिवस मोडतो. दोन पक्षकार असतील तर अर्ज चार प्रतींत : एक कार्यालयाची, दोन पक्षकारांच्या, एक तुमची.

अर्जात आधी तथ्यं, मग कसोटी, शेवटी मागणी. पहिल्या परिच्छेदात "मी कामगार आहे" असं जाहीर करण्यापेक्षा, सकाळी साडेसातला हबवर हजर राहावं लागे, लाइन हबप्रमुख ठरवी, संध्याकाळी रोकड भरल्याशिवाय सुटका नसे, असं लिहा. "हा तर कामगार आहे" हे शब्द वाचणाऱ्यानं स्वतःच्या मनात उच्चारले पाहिजेत. कायद्याचं कलम एखादं पुरे.

*सावध :* अर्ज गेल्यावर हबवरून फोन येतो, "आयडी चालू करतो, अर्ज मागे घे." आयडी चालू होणं चांगलंच आहे. पण आधी लेखी घ्या, किमान मेसेजवर. कोऱ्या किंवा "माझा सर्व हिशोब पूर्ण झाला, कुठलीही तक्रार नाही" अशा कागदावर सही करू नका. अर्ज मागे घ्यायचाच असेल तर तो अधिकाऱ्यासमोर, ठरलेल्या अटी तिथे लिहूनच घ्या.

कागद लावण्याचा क्रमही ठरवा. आम्ही करार तळाशी ठेवला, त्याच्यावर बँक आणि २६एएस, त्यावर वहीची चौदा पानं आणि महिन्याचा हिशोब. सगळ्यात वर एकच पान : तारीख, वेळ आणि "कुणाला विचारून गेलास?" हा मेसेज, त्याच्याखाली आयडी बंद झाल्याचा संदेश. अर्ज देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका, कारण दोन वर्षांची मुदत पाळली हे पुढे त्याच शिक्क्यानं दाखवायचं असतं.